अपलोड सुरू झालं की कॉल अडकतो: घरच्या रूटरवरच्या रांगेच्या नोंदी

७ जून, शनिवार

घर कर्वेनगरला, जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. फायबर स्थानिक केबलवाल्याकडून घेतलंय. प्लॅन १०० एमबीपीएसचा, अपलोड २०. भिंतीवर फायबरचा पांढरा डबा, म्हणजे ओएनटी. त्यातून एक लॅन केबल आमच्या रूटरला जाते आणि पीपीपीओईचं लॉगिन रूटरवरच होतं.

माझं काम घरून, दिवसभर कॉल. धाकटे दीर लग्नांचं शूटिंग करतात आणि रात्री ग्राहकांना व्हिडिओ अपलोड करतात. त्यांनी फाइल चढवायला घेतली की माझा कॉल अडकतो आणि सासूबाईंचं वन्संशी व्हिडिओवर चाललेलं बोलणं तुटतं. फाइल चढून झाली की सगळं आपोआप ठीक. वर्षभर हेच चाललंय.

आधी केलेले उपाय लिहून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील. "वायफाय कमी पडतंय" असं समजून ६,५०० रुपयांचा दोन डब्यांचा मेश आणला. रेंज वाढली, कॉल तसाच अडकत राहिला. मग ५० चा प्लॅन बदलून १०० चा घेतला, महिन्याला ३०० रुपये जास्त. डाउनलोड दुप्पट झालं, पण अपलोड आधीही २० होतं आणि नंतरही २०च राहिलं. दोन्ही वेळा काहीही न मोजता पैसे घातले.

आज पहिल्यांदा मोजलं. लॅपटॉप लॅन केबलने रूटरला जोडला, वायफाय बंद केलं आणि `ping 8.8.8.8` लावून ठेवलं. शांत वेळी ११ मिलिसेकंद. मग दिरांना ४ जीबीची फाइल चढवायला सांगितली. काही सेकंदांत आकडा ८०, २५०, ४०० असा चढत गेला आणि ६१० च्या आसपास स्थिरावला. फाइल थांबवल्यावर लगेच पुन्हा ११.

एक गोष्ट डोळ्यांत भरली. चारशे पिंगमध्ये एकही पॅकेट हरवलं नव्हतं.

८ जून, रविवार

उशीर नेमका कुठे होतोय ते आज शोधलं. तीन खिडक्या उघडल्या. एकीत रूटरला पिंग, दुसरीत केबलवाल्याच्या पहिल्या टप्प्याला, तिसरीत बाहेर. पहिल्या टप्प्याचा पत्ता `mtr` मध्ये रूटरच्या खालच्याच ओळीत मिळतो. अपलोड चालू असताना रूटर १ मिलिसेकंदाच्या आत उत्तर देत होता. पहिला टप्पा ६०५ वर आणि बाहेरचा ६१० वर. म्हणजे उशीर घरातल्या वायफायचा नाही आणि पलीकडच्या इंटरनेटचाही नाही. तो रूटर आणि पहिल्या टप्प्याच्या मध्ये होतो.

इथे एक काळजी घ्यावी. मधला एखादा टप्पा पिंगला मुद्दाम सावकाश उत्तर देत असतो, त्यामुळे एकाच ओळीतला मोठा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. त्या टप्प्यापासून पुढचे सगळे आकडे एकत्र वाढले, तरच तिथे रांग आहे असं धरावं. माझ्याकडे सगळे वाढले होते.

मग कागदावर हिशेब केला. जादा उशीर ६०० मिलिसेकंद, अपलोड २० एमबीपीएस. दोन्हींचा गुणाकार १२ मेगाबिट, म्हणजे १.५ एमबी. दीड हजार बाइटचं एक पॅकेट धरलं तर बरोबर १,००० पॅकेटं. तेवढी पॅकेटं कुठेतरी एकामागे एक उभी आहेत आणि माझ्या कॉलचं पॅकेट दर वेळी त्यांच्या शेवटी जाऊन उभं राहतंय. लिनक्समध्ये नेटवर्क पोर्टच्या रांगेची लांबी वर्षानुवर्षं १,००० पॅकेटं हीच ठरलेली होती. आमच्या ओएनटीतही तोच आकडा आहे असा माझा दावा नाही. पण एवढी लांब रांग ठेवणं ही जुनी सवय आहे, एवढं कळलं.

एकही पॅकेट का हरवलं नाही, तेही इथेच उलगडलं. फाइल पाठवणारं टीसीपी पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवत राहतं. हरवलेलं पॅकेट हाच त्याच्यासाठी "आता आवर" असा निरोप असतो. मधल्या डब्याची रांग मोठी असली तर तो पॅकेट टाकून देत नाही, साठवत राहतो. निरोप उशिरा पोचतो आणि तोवर रांग भरलेलीच राहते. मी इतके दिवस "लॉस शून्य आहे, म्हणजे लाइन चांगली" असं धरून बसले होते. दुखणं नेमकं त्या शून्यातच होतं. याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटीज यांना २०१० मध्ये घरून फाइल पाठवताना हेच दिसलं आणि हे नाव रुळलं.

अपलोड चालू असताना डाउनलोडही मोजलं. ९४ वरून २२ वर आलं. डाउनलोडच्या प्रत्येक तुकड्याची पोच उलट दिशेने जाते, आणि ती पोचही त्याच रांगेत अडकते. सासूबाई म्हणायच्या, "अगं, तो पाठवतोय ना, मग मला बघताना का अडकतं?" त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आज मिळालं.

१० जून, मंगळवार

केबलवाल्याचा माणूस आला. स्पीड टेस्ट लावली. ९४ आणि १९. "स्पीड बरोबर येतोय मॅडम." त्याचं म्हणणं खरंच होतं. वेग बरोबर आहे, तक्रार वाट पाहण्याची आहे, आणि साधी स्पीड टेस्ट ते दाखवत नाही. मी त्याला पिंगची खिडकी दाखवली. ओएनटीतली रांग बदलणं त्याच्या हातात नव्हतं.

संध्याकाळी रूटरच्या मूळ फर्मवेअरमधला क्यूओएस चालू केला आणि माझ्या लॅपटॉपला "सर्वोच्च प्राधान्य" दिलं. पिंग पुन्हा ६०० च्या वर. प्राधान्य देऊन उपयोग झाला नाही, कारण रूटरमध्ये रांगच नव्हती. रूटर ते ओएनटी हा रस्ता गिगाबिटचा. रूटरकडे पॅकेट आलं की लगेच पुढे जातं आणि ओएनटीत जाऊन तुंबतं. जिथे कुणी थांबतच नाही, तिथे कुणाला पुढे काढणार?

१४ जून, शनिवार

रूटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे दुसरं फर्मवेअर टाकलं. दुपार त्यातच गेली. चढवण्याआधी पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड लिहून ठेवायचे राहिले, त्यामुळे केबलवाल्याला फोन करावा लागला आणि दोन तास घर नेटशिवाय राहिलं. आधी ते लिहून घ्या.

ओपनडब्ल्यूआरटीत एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळण्याची चांगली पद्धत मुळातच चालू असते. म्हणून वाटलं, आता काम झालं. फाइल चढवायला घेतली. ६०८.

रूटरवर `tc-tiny` हे पॅकेज टाकून बघितलं:

```
tc -s qdisc show dev pppoe-wan
```

`backlog 0b 0p`. अपलोड पूर्ण जोरात चालू आणि रूटरची रांग रिकामी. मंगळवारी जे अंदाजाने म्हटलं होतं ते आज डोळ्यांनी दिसलं. पद्धत कितीही चांगली असली तरी ती स्वतःच्या रांगेवर चालते, आणि रांग दुसऱ्याच्या डब्यात आहे.

१५ जून, रविवार

उपाय ऐकायला उलटा वाटतो. रूटरने मुद्दाम लाइनपेक्षा थोडं हळू पाठवायचं. मग सगळ्यात अरुंद जागा ओएनटी न राहता रूटर होते, ओएनटीत काही साठत नाही आणि रांग आपल्या ताब्यात येते. रांग सांभाळायला केक ही पद्धत घेतली. `kmod-sched-cake` हे पॅकेज टाकून हातानेच आदेश दिला:

```
tc qdisc replace dev pppoe-wan root cake bandwidth 18mbit
```

फाइल सुरू केली. १५, १७, १४, १६. दिरांना विचारलं, "भाऊजी, फाइल खरंच चढतेय ना?" ते म्हणाले, "चढतेय की वहिनी, बार पुढे सरकतोय." मी पुन्हा बघितलं. १६. उठून सासूबाईंना सांगून आले.

मग १८ हा आकडा कितपत बरोबर आहे ते तपासलं. २० वर ठेवलं तर पिंग २४० पर्यंत जाऊन खाली-वर होत राहिलं. १९.५ ला ९० च्या आसपास, १९ ला ३०, १८ ला १६ आणि १७ लाही १६च. म्हणजे १८ च्या खाली नेऊन फायदा नाही, आणि २० च्या जवळ गेलं की रांग पुन्हा ओएनटीकडे सरकते.

केक काय करतो ते मला समजलं तसं लिहिते. एक म्हणजे प्रत्येक जोडणीला तो वेगळी रांग देतो आणि पाळीपाळीने एकेकीतून पॅकेट उचलतो. स्वारगेटला तिकिटाच्या एकाच रांगेत चाळीस जणांच्या सहलीमागे एकटा प्रवासी अडकतो, तसं मग होत नाही. दुसरं, पॅकेट किती वेळ थांबलं हे तो पाहतो, किती साठलीत हे नाही. ही कोडेलची पद्धत, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलेली. थांबण्याचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांच्या खाली आला नाही, तर एखादं पॅकेट टाकून द्यायला सुरुवात करायची. टीसीपीला निरोप वेळेवर पोचतो आणि ते आवरतं. पॅकेट हरवणं इथे औषध आहे.

१९ जून, गुरुवार

गुरुवार, त्यामुळे दुरुस्तीसाठी सकाळी वीज गेली. दुपारी आली. रात्री दिरांनी फाइल लावली आणि माझा कॉल अडकला. पिंग ६१०.

दोष माझा. हाताने दिलेला `tc` चा आदेश कुठेही जतन होत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे `pppoe-wan` हा इंटरफेस प्रत्येक नव्या जोडणीला नव्याने तयार होतो. वीज न जाताही पीपीपीओई एकदा तुटून जोडलं गेलं, तरी केक गेलेलाच असतो. चाचणीसाठी ठीक, कायमसाठी नाही.

२१ जून, शनिवार

`luci-app-sqm` टाकलं. नवी जोडणी झाली की ते केक आपोआप पुन्हा लावतं. आज दोन चुका झाल्या.

पहिली चूक एककाची. अपलोडच्या रकान्यात १८ लिहिलं. तिथे आकडा किलोबिटमध्ये हवा असतो. सगळ्या घराचं नेट मेल्यासारखं झालं आणि अर्धा तास मी केबलवाल्याची लाइन गेली असं समजत होते. १८००० हवं होतं.

दुसरी चूक जास्त फसवी निघाली. डाउनलोडलाही ८५ एमबीपीएसची मर्यादा घातली होती, त्यामुळे प्रोसेसरवरचा ताण दिसायला लागला. तो कमी व्हावा म्हणून फायरवॉलच्या पानावरचं हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग चालू केलं. ताण उतरला, पण पिंग पुन्हा सहाशेवर. एसक्यूएम चालू, आकडे बरोबर, आदेशात केक दिसतोय, तरी परिणाम शून्य. तीन तास गेले. शेवटी `tc -s` मधले पाठवलेल्या बाइटचे आकडे बघितले. फाइल १ जीबीच्या पुढे गेली होती आणि केकच्या हिशेबात जेमतेम २ एमबी. बाकीची पॅकेटं त्याच्याजवळून गेलीच नव्हती. हार्डवेअर ऑफलोडिंगमध्ये एकदा सुरू झालेली जोडणी चिप परस्पर पुढे ढकलते, प्रोसेसरपर्यंत आणि म्हणून केकपर्यंतही ती येत नाही. ते बंद केलं आणि पिंग १६ वर आलं. आमच्या रूटरचा दोन कोअरचा प्रोसेसर ८५ ला पुरतो. ज्यांची लाइन तीनशे किंवा पाचशेची आहे त्यांनी आधी `top` मध्ये `sirq` बघावं. तो शंभराकडे गेला तर वेग केकमुळे नाही, प्रोसेसरमुळे पडतोय.

तेव्हापासून माझी पद्धत ही: कुठलीही सेटिंग बदलली की आधी बाइटचे आकडे हलतात का ते बघायचं, मग पिंग.

२४ जून, मंगळवार

दोन दिवस रात्री साडेनऊच्या सुमारास पिंग १५० पर्यंत जात होतं. दिवसा नाही. त्या वेळी एसक्यूएम थोडा वेळ बंद करून अपलोड मोजलं, तर १९ च्या जागी १६ च्या जरा वर. रात्री सोसायटीतले सगळे घरी असतात आणि केबलवाल्याची पुढची लाइन वाटून जाते. लाइनच १८ च्या खाली गेली की माझी १८ ची मर्यादा असून नसल्यासारखी, आणि रांग पुन्हा माझ्या हाताबाहेर.

मर्यादा १६ केली. रात्रीही पिंग २० च्या आत आलं. याची किंमत दिरांना मोजावी लागते, म्हणून त्यांच्यासमोर बसून हिशेब केला. ४ जीबीची फाइल आधी २८ मिनिटांत जायची, आता ३५-३६ मिनिटं लागतात. ते म्हणाले, "वहिनी, आठ मिनिटांचं काही नाही. मी तर लावून झोपतोच. उलट तुमचा कॉल असला की मी हात आवरून बसायचो, ते तरी संपलं." ते हात आवरून बसत होते हे मला आजवर माहीत नव्हतं.

ज्यांची लाइन दिवसभरात याहून जास्त खाली-वर होते, विशेषतः मोबाइल नेटवरच्या रूटरची, त्यांना एकच आकडा पुरणार नाही. तिथे `cake-autorate` ही स्क्रिप्ट पिंग बघून मर्यादा सतत बदलत राहते. मला तिची गरज पडली नाही.

२९ जून, रविवार

मागच्या खोलीतून दिरांची तक्रार: "तुमचं सगळं नीट झालं, माझ्या लॅपटॉपवर मात्र अपलोड चालू असताना पानं उघडत नाहीत."

त्यांच्या लॅपटॉपवरून रूटरला पिंग केलं. अपलोड चालू असताना १८० मिलिसेकंद. त्याच वेळी माझ्या केबलच्या लॅपटॉपवरून बाहेरचं पिंग १७. म्हणजे ही दुसरी रांग. मेशचा दुसरा डबा मार्चमध्ये हॉलमध्ये हलवला होता, त्यामुळे त्या खोलीत दोन भिंती ओलांडून २.४ गिगाहर्ट्झच येतं आणि प्रत्यक्षात ९-१० एमबीपीएसच मिळतं. रूटरची मर्यादा १६. अरुंद जागा आता हवेत आहे, आणि रांग त्यांच्याच लॅपटॉपच्या वायफाय कार्डात. रूटरवर काहीही बदललं तरी तिथे पोचत नाही. केक लावूनही कुणाला फरक दिसत नसेल, तर आधी त्या यंत्रावरून रूटरला पिंग करून बघा.

खिडकीच्या चौकटीवरून १५ मीटर कॅट ६ केबल ओढली. क्लिपा धरून ५२० रुपये आणि दीड तास. पिंग १ वर.

५ जुलै, शनिवार

एक गोष्ट राहिली होती. अपलोड चालू असताना सासूबाईंचा आवाज नीट जात होता, पण त्यांचं चित्र धूसर व्हायचं. दिरांचं अपलोडचं सॉफ्टवेअर एका फाइलसाठी १६ जोडण्या उघडतं. केक प्रत्येक जोडणीला सारखा वाटा देतो, म्हणजे १६ एमबीपीएसचे १७ वाटे झाले आणि सासूबाईंच्या वाट्याला १ सुद्धा पूर्ण नाही. चित्राला दीडेक लागतं.

वाटणी जोडणीप्रमाणे नको, यंत्राप्रमाणे हवी. केकला ते येतं, पण रूटरच्या बाहेरच्या बाजूने सगळी यंत्रं एकाच पत्त्याची दिसतात. `nat` हा शब्द दिला की तो आतले पत्ते ओळखतो. मग दिरांच्या लॅपटॉपला अर्धं आणि सासूबाईंच्या टॅबला अर्धं. टॅबने वापरलं नाही ते पुन्हा लॅपटॉपला. आजची `/etc/config/sqm`:

```
config queue 'wan'
    option enabled '1'
    option interface 'pppoe-wan'
    option download '85000'
    option upload '16000'
    option qdisc 'cake'
    option script 'piece_of_cake.qos'
    option linklayer 'ethernet'
    option overhead '44'
    option qdisc_advanced '1'
    option qdisc_really_really_advanced '1'
    option iqdisc_opts 'nat dual-dsthost ingress'
    option eqdisc_opts 'nat dual-srchost'
```

`overhead` म्हणजे प्रत्येक पॅकेटला लाइनवर लागणारं वरचं आवरण. फायबरसाठी ४४ हा मुद्दाम थोडा जास्त धरलेला आकडा आहे. कमी धरला तर छोट्या पॅकेटांची गर्दी झाल्यावर मर्यादा चुकते.

एकूण खर्च: केबलचे ५२० रुपये. मेशचे ६,५०० आणि प्लॅनचे महिन्याचे ३०० या कामासाठी वायाच गेले. प्लॅन पुढच्या महिन्यात पुन्हा ५० चा करणार आहे आणि तेव्हा `download` ४२००० च्या आसपास धरून पुन्हा मोजेन. वेळ साधारण १८ तास, त्यातले तीन ऑफलोडिंगने खाल्ले.

रात्री दिरांनी ११ जीबीचा अल्बम लावला. सासूबाई पाऊण तास वन्संशी बोलत होत्या. पिंगची खिडकी मी शेजारी उघडी ठेवली होती. सर्वांत मोठा आकडा २३.